पट्टीची दोन टोके

छोट्या प्रकाशन संस्था, मासिकांच्या कचेऱ्या आणि दिवाळी अंक काढणारी मंडळी आता कामांची यादी वहीत ठेवत नाहीत. कोणी रेडमाइन वापरतो, कोणी एमएस प्रोजेक्ट, कोणी आणखी काही. काम नोंदवले, जबाबदार व्यक्तीचे नाव टाकले, तारीख टाकली की एका बटणावर टाइमलाइन तयार होते. डावीकडे कामांची नावे, उजवीकडे आडव्या पट्ट्या, मधून आजच्या दिवसाची उभी रेघ. बैठकीत हा तक्ता पडद्यावर लागला की सगळ्यांचे डोळे लाल रंगाकडे जातात आणि चर्चा तिथूनच सुरू होते. या पुस्तिकेत त्या लाल रंगाच्या आधीचे सांगितले आहे. पट्टीला डावे टोक कोणी दिले, उजवे कोणी दिले, आणि दोन्ही टोकांमागे एकाच जातीची माहिती आहे का, हे पाहिल्याशिवाय तक्त्यावर विश्वास ठेवू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे.

दोन्ही टोके एका जातीची नसतात. मुदत म्हणजे दुसऱ्याला दिलेला शब्द असतो. अंक अमुक तारखेला विक्रेत्यांच्या हातात पडेल, हे जाहिरातदाराला सांगितलेले असते, वितरकाला सांगितलेले असते, आणि ती तारीख बदलायची तर फोन करावे लागतात. सुरुवातीची तारीख हा आपला आपल्यापुरता अंदाज असतो. मुद्रितशोधन २८ ऑगस्टला सुरू होईल असे आपण म्हणतो, तेव्हा तोवर पाने लागलेली असतील आणि मुद्रितशोधक मोकळे असतील, ही दोन गृहीतके त्यात असतात. ती चुकली तर बाहेर कोणाला कळतही नाही. संगणक मात्र दोन्ही तारखा सारख्याच खऱ्या मानतो आणि त्यांच्यामधले अंतर मोजपट्टी लावल्यासारखे वापरतो. बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो.

उदाहरण २०२५ च्या दिवाळी अंकाचे घेऊ. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. अंक १० ऑक्टोबरला विक्रेत्यांकडे पोचवायचा असे ठरवून मागे मोजत आलो, तर बांधणी ८ ऑक्टोबरपर्यंत, छपाई ३० सप्टेंबरपर्यंत, मुद्रितशोधन १२ सप्टेंबरपर्यंत, अक्षरजुळणी आणि मांडणी २७ ऑगस्टपर्यंत, आणि लेख १४ ऑगस्टपर्यंत हाती यायला हवेत. समजा, उपसंपादकाने २ जूनला, सोमवारी, एका बैठकीत ही सगळी कामे रेडमाइनमध्ये नोंदवली. मुदती नीट विचार करून टाकल्या. सुरुवातीच्या तारखेला हात लावला नाही, कारण ती आधीच भरलेली होती.

ती भरलेली होती कारण रेडमाइन मुळातच नव्या कामाला नोंदणीच्या दिवसाची तारीख देतो. व्यवस्थापनाच्या पानावर `Use current date as start date for new issues` असा पर्याय असतो आणि तो सुरुवातीपासून चालू असतो. त्यामुळे मुद्रितशोधनाची पट्टी २ जूनला सुरू झाली आणि १२ सप्टेंबरला संपली, लांबी १०३ दिवस. छपाईची पट्टीही २ जूनपासून, बांधणीचीही, विक्रेत्यांकडे पोचवण्याचीही. जूनमध्ये लेखकांना पत्रेसुद्धा गेली नव्हती, पण तक्त्याप्रमाणे बांधणी चालू झाली होती.

आता लाल रंग कसा येतो ते पाहू. रेडमाइन कामाचा झालेला भाग टक्क्यांत मागतो. पट्टीच्या एकूण दिवसांना त्या टक्क्याने गुणतो आणि तेवढे दिवस सुरुवातीपासून हिरवे रंगवतो. हिरवा भाग आजच्या रेघेपर्यंत पोचला नाही, तर मधली जागा लाल होते. उरलेली पट्टी करडी राहते. थोडक्यात, काम रोज सारख्या गतीने पुढे जाते असे त्याने धरलेले असते, आणि मोजताना रविवार आणि सणही त्यात येतात.

२० ऑगस्टला हा तक्ता उघडला तर मुद्रितशोधनाच्या पट्टीवर ८० दिवस लाल दिसतात. काम शून्य टक्के झाले आहे आणि २ जूनपासून त्या दिवसापर्यंत ८० दिवस गेले आहेत, म्हणून. मुद्रितशोधकाची यात काडीचीही चूक नाही, कारण त्याच्या टेबलावर अजून एक पानही आलेले नाही. सुरुवात २८ ऑगस्ट लिहिली असती तर त्याच दिवशी ही पट्टी १६ दिवसांची, पूर्ण करडी आणि आजच्या रेघेच्या उजवीकडे दिसली असती.

पुढे ४ सप्टेंबरला ३० टक्के काम झाले आहे असे समजा. खऱ्या सुरुवातीच्या हिशेबाने १६ दिवसांतले आठ दिवस गेले आहेत आणि जवळजवळ पाच दिवसांचे काम झाले आहे, म्हणजे तीन दिवसांची पिछाडी. २ जूनच्या सुरुवातीच्या हिशेबाने मात्र ९५ दिवस गेले आहेत आणि ३१ दिवसांचे काम झाले आहे, म्हणजे ६४ दिवसांची लाल पट्टी. दिवस तोच आहे, काम तेवढेच झाले आहे, मुदतही तीच आहे. फक्त डाव्या टोकाची तारीख बदलली आणि तीन दिवसांचे दोन महिने झाले. बैठकीत हा आकडा वाचणाऱ्या संपादकाने मुद्रितशोधकाला काय सुनावले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या तीन दिवसांचेही पाहून घेऊ. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरी-गणपतीचे विसर्जन २ सप्टेंबरला. २८ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या सोळा दिवसांचा पहिला आठवडा गणपतीत गेला. अर्धी कचेरी कोकणात असताना गती सारखी राहणार नाही हे कोणालाही कळते, पण पट्टीला ते कळत नाही. तेव्हा ४ सप्टेंबरची तीन दिवसांची पिछाडी ही खरी पिछाडी नसून अंदाज करताना दिनदर्शिका न पाहिल्याचा परिणाम आहे. काम विसर्जनानंतर ३ सप्टेंबरला सुरू होईल असे प्रामाणिकपणे लिहिले असते, तर जूनमध्येच दिसले असते की मुद्रितशोधनाला फक्त दहा दिवस आहेत. मग दुसरा मुद्रितशोधक शोधायला अडीच-तीन महिने मिळाले असते. सुरुवातीची तारीख उपयोगी पडते ती अशा वेळी.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण उलट दिशेची चूक अधिक सोयीची असते. २८ ऑगस्टला सुरू व्हायचे काम प्रत्यक्षात ३ सप्टेंबरला सुरू झाले आणि कोणी भल्या हेतूने सुरुवातीची तारीख ३ सप्टेंबर केली, तर पट्टी आखडते. ४ सप्टेंबरला दहा दिवसांतला दुसरा दिवस चालू असतो, वीस टक्के काम झालेले असले तरी पुरते आणि लाल रंग निघून जातो. सोळा दिवसांचे काम दहा दिवसांत कोंबले आहे, ही गोष्ट तक्त्यातून पुसली जाते. ठरवलेली सुरुवात आणि प्रत्यक्ष सुरुवात या दोन वेगळ्या नोंदी आहेत. रेडमाइनमध्ये त्यांच्यासाठी एकच रकाना आहे, म्हणून त्यात ठरवलेली तारीख ठेवावी. काम प्रत्यक्षात कधी हाती घेतले ते स्थिती बदलल्याच्या नोंदीवरून कळते. एमएस प्रोजेक्टमध्ये मूळ आराखडा गोठवून बाजूला ठेवता येतो, असे अकरा संच साठवण्याची सोय त्यात आहे. नंतर मूळ आणि चालू पट्टी एकाखाली एक दाखवता येतात. ज्यांना वर्षाअखेर खरोखर हिशेब करायचा आहे त्यांनी ही सोय वापरावी. रेडमाइनमध्ये ती मुळात नाही, म्हणून निदान पहिल्या दिवशीच्या तक्त्याची एक छापील प्रत फायलीत लावून ठेवावी.

आता उजव्या टोकाकडे. मुदत मोकळी ठेवली तर रेडमाइन काय करतो? काम एखाद्या आवृत्तीशी जोडलेले असेल आणि त्या आवृत्तीला तारीख असेल, तर पट्टी त्या तारखेपर्यंत ओढली जाते. दिवाळी अंकाची सगळी कामे ‘दिवाळी २०२५’ या आवृत्तीत टाकली, तिची तारीख १० ऑक्टोबर ठेवली आणि कामांना स्वतंत्र मुदती दिल्या नाहीत, तर प्रत्येक पट्टी १० ऑक्टोबरला संपते. लेख मागवणेही त्याच दिवशी आणि बांधणीही त्याच दिवशी. आवृत्तीही नसेल तर पट्टीच काढली जात नाही, फक्त नाव दिसते. मला विचाराल तर हा शेवटचा प्रकार सर्वांत प्रामाणिक आहे. जे ठरलेले नाही ते दिसत नाही.

तक्ता उघडल्यावर पहिली नजर पट्ट्यांच्या कडांवर टाकावी असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. डाव्या कडा एका उभ्या रेषेत भिंतीसारख्या लागल्या असतील, तर सुरुवातीच्या तारखा माणसाने दिलेल्या नाहीत. यादीत नोंदणीची तारीख आणि सुरुवातीची तारीख हे दोन रकाने शेजारी लावले की ते लगेच कळते, दोन्हींत तोच दिवस असतो. उजव्या कडा भिंतीसारख्या असतील, तर मुदती आवृत्तीवरून किंवा महिनाअखेरीवरून आल्या आहेत. खरी कामे पायऱ्यांसारखी उतरत जातात, कारण एक संपल्याशिवाय दुसरे सुरू होत नाही.

या पायऱ्या जोडण्याची सोयही रेडमाइनमध्ये आहे. हे काम त्या कामाच्या आधी, असा संबंध लावला की आधीचे लांबले तर पुढचे आपोआप सरकते. ऐकायला छान वाटते, पण या सोयीत एक खोच आहे आणि ती या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणावी लागेल. पुढचे काम सरकते तेव्हा त्याची फक्त सुरुवात सरकत नाही. कामाचा कालावधी कायम ठेवून मुदतही तेवढीच पुढे जाते.

आपल्या अंकाचीच साखळी घेऊ. मांडणी २७ ऑगस्टला संपते, मुद्रितशोधन २८ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर, छपाई १५ ते ३० सप्टेंबर, बांधणी १ ते ८ ऑक्टोबर, पोच ९ आणि १० ऑक्टोबर. शनिवार-रविवार सुट्टी धरली आहे आणि मध्ये एकही मोकळा दिवस नाही. मांडणी करणाऱ्याने सांगितले की आठ कामाचे दिवस आणखी लागतील, आणि उपसंपादकाने तिची मुदत ८ सप्टेंबर केली. त्याने फक्त एका कामाची तारीख बदलली. साखळीतली बाकीची सगळी कामे आठ कामाच्या दिवसांनी पुढे गेली आणि विक्रेत्यांकडे पोच करण्याची मुदत २२ ऑक्टोबर झाली, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. तक्त्यावर मात्र कुठेही लाल रंग उमटला नाही. कोणत्याही कामाची मुदत उलटलेली नव्हती, कारण मुदतच पळाली होती. दिलेला शब्द एका यंत्राने परस्पर मागे घेतला आणि तो ज्यांना दिला होता त्यांना कळवलेही नाही.

म्हणून बाहेरच्यांना दिलेली तारीख अशा ठिकाणी ठेवावी जिथे साखळी तिला हलवू शकत नाही. रेडमाइनमध्ये आवृत्तीची तारीख तशी असते. तिला कामांच्या सरकण्याने काही होत नाही. तिथे १० ऑक्टोबर लिहिले असेल तर पोचेची पट्टी त्या तारखेच्या पलीकडे गेलेली दिसते, आणि तो आडवा उजवीकडे डोकावणारा तुकडा हाच त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा अहवाल असतो. आवृत्तीची तारीख कामांना मुदत पुरवण्यासाठी वापरली की सगळे सपाट होते, आणि मुदतींवर पहारा ठेवण्यासाठी वापरली की कामाची ठरते. साधन तेच असते, वापर उलटा.

एमएस प्रोजेक्टने या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या ठेवल्या आहेत, पण ते ठाऊक नसलेला माणूस तिथे आणखी खोलात फसतो. आपोआप आखल्या जाणाऱ्या कामाच्या `Finish` रकान्यात कोणी तारीख टाइप केली, तर त्याला वाटते आपण मुदत दिली. प्रोग्रॅम मात्र तिचा अर्थ `Finish No Earlier Than` असा लावतो, म्हणजे काम त्या तारखेच्या आधी संपणार नाही. माणसाला म्हणायचे होते ‘उशिरात उशिरा’, नोंदले गेले ‘लवकरात लवकर’. मुदतीसाठी `Deadline` नावाचा वेगळा रकाना आहे. त्यात तारीख टाकली तर पट्टी जागची हलत नाही, फक्त तक्त्यावर त्या दिवशी खाली तोंड केलेला एक छोटा बाण येतो. काम लांबले तर पट्टी बाणाला ओलांडून जाते आणि कडेच्या रकान्यात इशाऱ्याचे चिन्ह दिसते. शब्द जागेवर, अंदाज हलता, आणि दोघांमधले अंतर डोळ्यांना दिसणारे. आम्हाला ही पद्धत सर्वांत सरळ वाटते.

सुरुवातीच्या तारखेबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत १९५७ पासून ड्युपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या बांधणी-दुरुस्तीसाठी जी पद्धत बसवली, तिला आज क्रिटिकल पाथ म्हणतात. तिच्यात प्रत्येक कामाला सुरुवातीच्या दोन तारखा निघतात. पहिल्या कामापासून पुढे मोजत गेले की लवकरात लवकर कधी सुरू करता येईल ते कळते. शेवटच्या मुदतीपासून मागे मोजत आले की उशिरात उशिरा कधी सुरू केलेच पाहिजे ते कळते. दोन्हींमधले अंतर म्हणजे त्या कामाकडे असलेली सवड. मुखपृष्ठ १ जुलैपासून कधीही करता येण्यासारखे असेल, चित्रकाराला दहा दिवस पुरत असतील आणि चित्र ३१ ऑगस्टला हवे असेल, तर उशिरात उशिरा सुरुवात २२ ऑगस्ट. मधले सगळे दिवस सवडीचे. मुद्रितशोधनाकडे अशी सवड जवळजवळ नसते. पण साध्या टाइमलाइनवर दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, कारण एका कामाला एकच डावे टोक असते. मुखपृष्ठाची पट्टी आठवडाभर लाल राहिली तरी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. मुद्रितशोधनाची एक दिवस राहिली तर आहे.

मागून मोजण्याची सवय दिवाळी अंकवाल्यांना सगळ्यांत आधी लागायला हवी, कारण त्यांची मुदत दर वर्षी हलते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला पडले. २०२५ मध्ये ते २२ दिवस आधी, २१ ऑक्टोबरला होते. जुना तक्ता कॉपी करून फक्त मुदती २२ दिवस मागे घेतल्या आणि सुरुवातीला हात लावला नाही, तर काय होते? २ जून ते ५ सप्टेंबर असे ९६ दिवसांचे लेख मागवण्याचे काम २ जून ते १४ ऑगस्ट असे ७४ दिवसांचे होते. पट्टी थोडी लहान दिसते, बस्स. तीन आठवडे गेले कुठे, हे कोणी विचारत नाही, आणि ते गेलेले असतात लेखकांच्या वाट्याचे. छोट्या कामांत निदान यंत्र तक्रार तरी करते, कारण मुदत सुरुवातीच्या आधी येते आणि रेडमाइन ती स्वीकारत नाही. मोठी कामे मुकाट आखडतात. ९६ दिवस खरोखर हवे असतील आणि मुदतीपासून मागे मोजले, तर तक्ता सांगतो की पत्रे ११ मेलाच जायला हवी होती. ही बातमी वाईट आहे, पण ती एप्रिलमध्ये कळली तर तिचा उपयोग आहे.

पुस्तिकेत पुढे येणारी प्रकरणे याच अंकाच्या कामावर बांधली आहेत, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नवे उदाहरण समजून घ्यावे लागणार नाही. मुदत उलटल्यावर काय दिसते यावर एक छोटे प्रकरण आहे, ते वगळू नये. रेडमाइनची पट्टी मुदतीपाशी थांबते, त्यामुळे एक दिवस उलटलेले काम आणि वीस दिवस उलटलेले काम यांच्या पट्ट्या सारख्याच असतात, फक्त आजची रेघ त्यांच्यापासून दूर जाते. उशीर किती झाला हे पट्टीवरून नव्हे, यादीवरून काढायचे असते. आकडेमोडीची प्रकरणे ज्यांना नको असतील त्यांनी ती ओलांडली तरी चालेल.

वाचकांना एकच विनंती. पुस्तिका हाती घेण्याआधी आपल्या कचेरीतला चालू तक्ता उघडा आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीची तारीख कोणी दिली आहे ते तपासा. जी कोणीच दिलेली नाही ती खोडा आणि तो रकाना मोकळा ठेवा. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. मागे मोजायला तिथून लागा.